दहावा खटका

शाळेत रजेचा अर्ज लिहायला शिकवतात, तेव्हा शेवटी उजव्या बाजूला 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' असे लिहून खाली सही करायची असते. ते लिहिताना आपण नेमके कसले वचन देत आहोत, असा प्रश्न मला कधी पडला नाही. ते अर्ज वाचणाऱ्या गुरुजींनाही तो बहुधा पडला नसावा. आज्ञाधारक म्हणजे गुणी, एवढे समीकरण पक्के होते. तृतीय वर्षाला सामाजिक मानसशास्त्राचा पेपर घेतला आणि या साध्या शब्दाकडे जरा निरखून पाहण्याची वेळ आली. निमित्त झाले अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६१-६२ साली झालेल्या एका प्रयोगाचे.

स्टॅन्ली मिलग्रॅमचा हा प्रयोग आमच्यापैकी बहुतेकांनी आधीच गाइडमध्ये वाचला होता. तिथे तो अर्ध्या पानात संपतो. 'माणसे अधिकाऱ्याची आज्ञा पाळतात. प्रमाण ६५ टक्के.' पाच गुणांच्या टीपेला एवढे पुरते. आमच्या बाईंनी मात्र त्यावर चार तास घालवले. पोर्शन मागे राहील म्हणून काहींनी कुरकुरही केली. पण त्या चार तासांनंतर गाइडमधले ते वाक्य मला खोटे नव्हे, तरी फार अपुरे वाटू लागले. हा लेख त्या अपुरेपणाविषयी आहे.

पहिल्या तासाला बाईंनी आकडा सांगितलाच नाही; आधी आम्हाला त्या खोलीत नेऊन उभे केले. समजा, न्यू हेवन गावातल्या एका माणसाने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचली. स्मरणशक्तीवरच्या संशोधनासाठी माणसे हवी आहेत, तासाभराचे चार डॉलर आणि गाडीभाड्याचे पन्नास सेंट मिळतील. तो विद्यापीठात येतो. पैसे त्याला आल्याबरोबर मिळतात. पुढे काहीही झाले तरी ते त्याचेच, असेही सांगितले जाते. तिथे करड्या रंगाचा कोट घातलेला, गंभीर चेहऱ्याचा प्रयोगकर्ता असतो आणि आपल्यासारखाच जाहिरात वाचून आलेला एक मध्यमवयीन, गुबगुबीत, स्वभावाने गोड गृहस्थ असतो. शिक्षेचा स्मरणावर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे, असे प्रयोगकर्ता सांगतो. चिठ्ठ्या टाकल्या जातात. आपल्या माणसाच्या वाट्याला 'शिक्षक' येते, त्या गृहस्थाच्या वाट्याला 'विद्यार्थी'. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिक्षक' असेच लिहिलेले होते आणि तो गृहस्थ प्रयोगाला सामील होता, हे आपल्या माणसाला ठाऊक नाही.

विद्यार्थ्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला पट्ट्यांनी बांधतात. मनगटाला तार जोडण्याआधी कातडीला फोड येऊ नयेत म्हणून मलम लावतात. झटके फार वेदना देणारे असले, तरी त्यांनी कायमची इजा होत नाही, असे प्रयोगकर्ता सांगतो. शिक्षकाला नमुन्यादाखल पंचेचाळीस व्होल्टचा एक झटका दिला जातो. आख्ख्या प्रयोगातला हाच काय तो खरा झटका. मग त्याला एका यंत्रासमोर बसवतात. त्यावर ओळीने तीस खटके आहेत. पहिला १५ व्होल्टचा, दुसरा ३०चा, असे पंधरा-पंधराने चढत शेवटचा ४५०चा. खटक्यांखाली शब्द लिहिलेले आहेत: 'सौम्य झटका'पासून 'धोका: तीव्र झटका'पर्यंत, आणि त्याच्याही पुढे शब्द संपून नुसत्या फुल्या.

काम शाळेतल्यासारखेच आहे. 'ब्लू-बॉक्स', 'नाइस-डे', 'वाइल्ड-डक' अशा शब्दांच्या जोड्या शिक्षकाने वाचायच्या, नंतर पहिला शब्द सांगून दुसरा विचारायचा. उत्तर चुकले की एक खटका दाबायचा आणि पुढच्या चुकीला त्याच्या वरचा. ७५ व्होल्टला भिंतीपलीकडून कण्हल्याचा आवाज येतो. १२०ला तो गृहस्थ ओरडून सांगतो, की आता दुखू लागले आहे. १५०ला, म्हणजे दहाव्या खटक्याला, तो पहिल्यांदा म्हणतो, की मला बाहेर काढा, मला पुढे चालायचे नाही. २७०ला किंकाळी. ३००ला तो उत्तरे देणे बंद करतो. ३३०नंतर पलीकडून काहीच ऐकू येत नाही आणि प्रयोगकर्ता सांगतो, की उत्तर न देणे हे चुकीचे उत्तर समजावे.

इथे थांबून बाईंनी आम्हाला चिठ्ठ्या लिहायला लावल्या. चाळीस माणसांपैकी किती जण शेवटच्या खटक्यापर्यंत जातील? आणि तुम्ही स्वतः कुठे थांबाल? नावे लिहायची नव्हती. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आमच्या वर्गात जवळजवळ सगळे संत निघाले. दोघातिघांनीच स्वतःला दीडशेच्या पुढे नेले होते आणि शेवटपर्यंत जाणाऱ्यांची संख्या बहुतेकांनी शून्य किंवा एक लिहिली होती. यात आमचे विशेष काही नाही. मिलग्रॅमने मनोविकारतज्ज्ञांना हाच अंदाज विचारला तेव्हा हजारात एखादा शेवटपर्यंत जाईल असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात, पलीकडून आवाज येत असताना चाळिसातले पंचवीस गेले. नुसताच भिंतीवर धक्के मारल्याचा आवाज येत होता तेव्हा सव्वीस गेले. प्रयोगाला स्त्रिया बसवल्या तेव्हाही सव्वीसच. वर्गातल्या मुलींना हे विशेष लागले, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

गाइड इथे संपते. मला खरी उत्सुकता वाटली ती या पंचवीस-सव्वीस जणांचे हात कसे चालत होते याची. मूळ अहवाल आणि मिलग्रॅमने १९७४ साली लिहिलेले पुस्तक यांतले उतारे बाईंनी वाचून दाखवले. त्यांत मुकाट्याने हुकूम पाळणारी माणसे फारशी दिसत नाहीत. दिसतात ती घामाघूम झालेली, चुळबुळणारी, नखे तळहातात रुतवणारी, विचित्रपणे हसत सुटणारी माणसे. ती वळून वळून प्रयोगकर्त्याशी वाद घालतात. तो माणूस मेला असेल तर, असे विचारतात. जबाबदारी कोण घेणार, असे विचारतात. 'जबाबदारी माझी' असे उत्तर मिळाले, की पुन्हा यंत्राकडे वळून पुढचा शब्द वाचतात. म्हणजे त्यांचे तोंड 'नाही' म्हणत होते आणि बोट 'हो'. आज्ञाधारक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र होते, मान खाली घातलेल्या माणसाचे, त्याच्याशी हे अजिबात जुळत नव्हते.

मग बोट का थांबत नाही? आमच्या वर्गात यावर बरेच बोलणे झाले. एक जण म्हणाला, भीतीमुळे. पण भ्यायचे कशाला? प्रयोगकर्ता काही अधिकारी नव्हे. तो नोकरी घालवू शकत नाही, नापास करू शकत नाही, पैसे तर आधीच हातात पडलेले. एका मैत्रिणीने पायरीचा मुद्दा काढला आणि मला वाटते ती गाभ्याच्या जवळ गेली. यंत्रावर १५ आणि ४५० असे दोनच खटके असते, तर दुसऱ्याला कोणी हात लावला नसता. पण १३५ दाबलेल्या माणसाला १५०ला थांबायचे, तर आधीच्या नऊ खटक्यांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. पंधरा व्होल्टच्या फरकात नीती-अनीतीची रेघ कुठे काढायची? आता थांबणे म्हणजे मघापासून जे केले ते चूक होते असे कबूल करणे, आणि पुढे जाणे म्हणजे फक्त आणखी पंधरा व्होल्ट. अशी प्रत्येक पायरी मागच्या पायरीचे समर्थन करते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. हे सगळे चालू असताना शिक्षकाच्या हाताला काम असते: शब्द वाचायचे, उत्तर तपासायचे, व्होल्टचा आकडा मोठ्याने सांगायचा, खटका दाबायचा. नीट काम करण्यात माणूस गुंतला, की काम कशाचे आहे हा विचार बाजूला पडतो. मिलग्रॅमने या मनःस्थितीला दुसऱ्याचा हस्तक बनल्याची अवस्था म्हटले आहे. आपण कर्ते नाही, दुसऱ्याच्या इच्छेचे साधन आहोत, असे माणसाला वाटू लागते.

दहाव्या खटक्याचे महत्त्व मात्र आकड्यांवरूनच दिसते. २००८ साली मिलग्रॅमच्या अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा असे दिसले, की ज्यांनी थांबायचे ठरवले ते वेदना वाढतील तसतसे थोडेथोडे थांबत गेले नव्हते. सर्वांत जास्त माणसे १५०लाच थांबली होती. २७०ची किंकाळी जास्त भयंकर, पण ती ऐकून थांबणारे कमी. कारण १५०ला पलीकडचा माणूस केवळ 'दुखते' म्हणत नाही, तो 'मला यायचे नाही' म्हणतो. आतापर्यंत तो स्वखुशीने बसला होता. इथून पुढे त्याला बांधून ठेवले आहे. वेदना ही कमीअधिक असू शकते. नकार हा एकतर मानायचा असतो किंवा तुडवायचा. इथे ज्याने नकार तुडवला, त्याला पुढे थांबण्यासाठी नवे कारण सापडत नाही. मिलग्रॅमच्या प्रयोगात १५०च्या पुढे गेलेल्यांपैकी ७९ टक्के माणसे थेट शेवटपर्यंत पोहोचली.

हे मी घरी आईला सांगितले. माझी आई एका रुग्णालयात परिचारिका आहे, आता निवृत्तीला आली आहे. तिने ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "तो कोटवाला खोलीतच उभा असायचा का गं?" मी म्हटले, एका वेळी तो बाहेर जाऊन टेलिफोनवरून हुकूम देत होता, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे एक पंचमांशावर आले. आणि काही जणांनी फोनवर सांगितले, की हो, वाढवतोय व्होल्ट, आणि हळूच सगळ्यात खालचा खटका दाबत राहिले. आई यावर हसली. "म्हणजे खोटं बोलले, पण नाही नाही म्हणाले. खालच्या माणसाला तेवढंच जमतं." मला हे कोणत्याही पुस्तकातल्या भाष्यापेक्षा नेमके वाटले. त्या माणसांना पलीकडच्या गृहस्थाला इजा करायची नव्हती आणि प्रयोगकर्त्याला दुखवायचेही नव्हते. पहिले जमण्यासारखे होते. दुसरे जमत नसल्यामुळे पहिलेही चोरून करावे लागले.

मग तिने स्वतःची एक गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती. रात्रपाळीला एका डॉक्टरांनी फोनवरून एका इंजेक्शनचा डोस सांगितला. तो तिला जास्त वाटला. तिने पुन्हा विचारला. तोच आकडा, जरा चिडक्या आवाजात. तिने दुसऱ्या सिस्टरला फोनवर बोलावून तिलाही तो ऐकायला लावला आणि मग म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही येऊन केसपेपरवर लिहा, मी लगेच देते." डॉक्टर आले. त्यांनी लिहिला तो डोस फोनवर सांगितल्याच्या निम्मा होता. त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि वर्षभर तिला सोयीची पाळी मिळाली नाही. "ती दुसरी सिस्टर नसती ना, तर मी दिलंच असतं," ती म्हणाली. "एकटीला वाटतं, आपलंच चुकत असेल."

तिचे हे शेवटचे वाक्य मिलग्रॅमच्या आणखी एका प्रकाराशी ताडून पाहावे असे आहे. त्यात शिक्षक एक नसून तीन असत. दोघे आधीच सामील, तिसरा खरा. एक जण १५०ला उठून बाजूला बसे, दुसरा २१०ला. मग खऱ्या माणसाला एकट्याने पुढे चालवायला सांगत. चाळिसांपैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. हुकूम तोच, कोट तोच, यंत्र तेच; दोन माणसे उठून बाजूला बसली, एवढाच फरक. याच्या उलट प्रकारात खटका दाबण्याचे काम दुसऱ्याकडे दिले आणि खऱ्या माणसाकडे फक्त शब्दांचे काम ठेवले, तेव्हा चाळिसांपैकी सदतीस जण शेवटपर्यंत बसून राहिले. ज्याचे वडील कचेरीत आहेत असा आमचा एक वर्गमित्र यावर म्हणाला, की सगळे प्रकार सोडा, आपण सगळे जन्मभर या शेवटच्या प्रकारात असतो. खटका नेहमी दुसऱ्याच टेबलावर असतो. वर्गात हशा पिकला, पण तो विनोद नव्हता.

तिसऱ्या तासाला चर्चा चार वाक्यांवर आली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग तोच. शिक्षक पुढे जायला कचरला, की प्रयोगकर्त्याने काय बोलायचे हे ठरलेले होते. पहिल्यांदा 'कृपया पुढे चालू ठेवा'. मग 'प्रयोगासाठी पुढे जाणे आवश्यक आहे'. तरीही अडला तर 'तुम्ही पुढे जाणे अत्यंत गरजेचे आहे'. आणि शेवटचे, चौथे: 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे गेलेच पाहिजे.' हे चौथे ऐकूनही थांबला, तर प्रयोग तिथे संपवायचा. आता ही चार वाक्ये नीट वाचली, तर पहिली विनंती आहे, मधली दोन प्रयोगाच्या भल्याचे कारण सांगतात आणि चौथाच तेवढा उघड हुकूम आहे. माणसे जर हुकमाची ताबेदार असतील, तर चौथ्या वाक्याचा परिणाम सर्वांत जास्त व्हायला हवा.

झाले उलटे. जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात हा प्रयोग पुन्हा केला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. १५०ला माणूस पुढे जातो की नाही एवढेच पाहून त्याने प्रयोग थांबवला, कारण त्यापुढे कोणाचा छळ करणे आज कोणतेही विद्यापीठ मान्य करणार नाही. सुमारे सत्तर टक्के माणसे पुढे जायला तयार होती. पण ज्यांच्यापर्यंत चौथे वाक्य पोहोचले, त्यांच्यापैकी एकही पुढे गेला नाही. एकही नाही! मिलग्रॅमच्या पुस्तकातही हॉलंडमध्ये वाढलेल्या एका इंजिनियरची हकीकत आहे. 'दुसरा पर्याय नाही' हे ऐकताच तो चकित होऊन म्हणतो, की का बरे नाही, मी तर माझ्या मर्जीने आलो आहे. आणि २५५ला हात काढून घेतो. जोपर्यंत 'प्रयोगासाठी' असे म्हटले जात होते, तोपर्यंत तो त्या कामाचा सहभागी होता. 'पर्याय नाही' म्हटल्याबरोबर त्याला आपण नोकर झाल्याचे जाणवले, आणि पर्याय आहे हेही त्याच क्षणी आठवले.

यावरून हॅस्लम आणि रायशर या दोघा अभ्यासकांनी असे मांडले आहे, की ही माणसे आज्ञा पाळत नव्हती, तर एका कार्याला साथ देत होती. विज्ञान ही चांगली गोष्ट, येल हे मोठे विद्यापीठ, आपण त्यांच्या उपयोगी पडत आहोत, असे त्यांना वाटत होते. मला हे पटते. पण पुरतेपणी नाही. घामाघूम होऊन नखे रुतवणारा माणूस उत्साहाने साथ देत होता असे म्हणणे अवघड आहे. तो बहुधा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. बाईंनीही इथे कौल दिला नाही.

प्रयोगावरचे आक्षेपही त्यांनी लपवले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या जीना पेरी या लेखिकेने येलच्या संग्रहातल्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिले आहे, की प्रयोगकर्ता नेहमी चार वाक्यांवर थांबला नाही. काहींना त्याने बराच जास्त रेटा दिला. पलीकडचा गृहस्थ सुखरूप आहे आणि सगळे नाटक होते, हे कित्येकांना त्या दिवशी सांगितलेच नाही. काहींना ते कळायला महिने लागले. तोवर ही माणसे आपण कोणाला मारले तर नाही ना, असा विचार करीत त्याच गावात राहिली. शिवाय झटके खरे आहेत असा पूर्ण विश्वास बसला होता, असे नंतर सांगणारे निम्म्याहून थोडेच अधिक होते. आमच्यातल्या एका हुशार मुलाने लगेच निकाल दिला: मग प्रयोग फुकट, बाकीच्यांना नाटक कळलेच होते. पण संग्रहातली कागदपत्रे पाहून पेरी आणि तिच्या सहकाऱ्यांनी जे दाखवले आहे, ते याहून बोलके आहे. ज्यांचा पूर्ण विश्वास बसला होता, ते थांबण्याची शक्यता अधिक होती. याचा अर्थ असाही होतो, की समोरच्याला खरेच लागते आहे हे मनात पक्के ठसले, तर पुष्कळ माणसे थांबतात. आणि असाही, की 'खरे नसेल बहुधा' ही समजूत पुढे जाणाऱ्याला फार सोयीची असते. आधी शंका आली म्हणून खटका दाबला, की खटका दाबला म्हणून शंका बरी वाटली, हे नंतर भरलेल्या कागदावरून कसे ठरवणार?

शेवटच्या तासाला प्रयोगशाळा सोडून बाहेर यावे लागले. मिलग्रॅम ज्यू कुटुंबातला. ज्या वर्षी त्याने प्रयोग सुरू केला, त्याच १९६१ साली जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू होता आणि 'मी फक्त हुकूम पाळले' हा त्याचा बचाव जगभर छापून येत होता. तेव्हा तासाभराच्या खेळावरून त्या संहाराचा उलगडा होतो का, असा प्रश्न कोणीतरी विचारणे भागच होते. बाईंनी उत्तराऐवजी एक घटना सांगितली. १३ जुलै १९४२. पोलंडमधले यूझेफूफ हे गाव. हॅम्बुर्गकडचे मध्यमवयीन, कुटुंबवत्सल राखीव पोलीस, सुमारे पाचशे. गावातल्या ज्यू स्त्रिया, मुले आणि म्हातारे यांना गोळ्या घालायच्या आहेत, असे त्यांचा मेजर ट्राप त्यांना सांगतो. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. आणि तो म्हणतो, की तुमच्यातल्या वयस्कांपैकी ज्याला हे झेपणार नाही, त्याने पुढे यावे. जेमतेम डझनभर पुढे आले. त्यांना काही शिक्षा झाली नाही. उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे दीड हजार माणसे मारली. दिवस जात गेला तसे आणखी काही कुरकुरत बाजूला झाले, लपून राहिले, मुद्दाम नेम चुकवू लागले. क्रिस्टोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने १९९२ साली लिहिलेल्या पुस्तकात ही हकीकत सविस्तर दिली आहे.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मला टेलिफोनवर खोटे बोलणारी न्यू हेवनची माणसे आठवली. इथेही नेम चुकवणारे होते. पण पाचशे जणांच्या रांगेतून चार पावले पुढे यायला डझनभरच. आणि इथे तर 'पर्याय नाही' असेही कोणी म्हटले नव्हते; पर्याय वरिष्ठानेच देऊ केला होता. तेव्हा या माणसांना काय धरून ठेवत होते? ब्राउनिंगचे एक उत्तर असे, की बाजूला होणे म्हणजे ते घाण काम सोबत्यांवर टाकणे; भित्रा, आपल्यातला नसलेला असे ठरणे. वर्षानुवर्षे कानांवर आदळलेला ज्यूद्वेष तर होताच. तो न्यू हेवनमध्ये नव्हता आणि म्हणूनच ही दोन ठिकाणे एका मापाने मोजता येत नाहीत. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे वजन दोन्हीकडे दिसते. उठून बाजूला बसणारे दोघे असले, तर चाळिसांत चौघेच पुढे जातात. पुढे येणारे डझनभर असले आणि मागे राहणारे चारशेच्या वर, तर तेच वजन उलट्या बाजूला पडते.

ट्यूटोरियलसाठी बाईंनी तीन प्रश्न दिले. शब्द वाचणारा आणि खटका दाबणारा यांत अधिक दोषी कोण? दहाव्या खटक्याला थांबलेला माणूस पहिल्या नऊ खटक्यांबद्दल जबाबदार आहे का? आणि नकार देण्याची किंमत मोजावी लागत असेल, तर ती न मोजणाऱ्याला आपण कोणत्या शब्दाने संबोधावे? पहिल्या दोहोंवर मी पानभर लिहिले. तिसऱ्याला मी लिहिले, की प्रयोगात नकार फुकट होता आणि तरी तो महाग वाटला. माझ्या आईला तो वर्षभराच्या गैरसोयीच्या पाळ्यांना पडला, आणि तरीही तिच्या मते तो तिचा एकटीचा नव्हता, निम्मा त्या दुसऱ्या सिस्टरचा होता. तेव्हा 'आज्ञाधारक' किंवा 'भित्रा' हे शब्द एकेका माणसाला लावण्याआधी, त्याच्या शेजारी त्या वेळी कोण उभे होते हे विचारले पाहिजे.

बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात एक प्रश्नचिन्ह काढले आणि वही परत केली. त्याबद्दल त्यांच्याशी बोलणे अजून व्हायचे आहे.